मदत हवी आहे: अमेरिकेतलं किराणा दुकान, डेबिट कार्डावर एवढं का कापतात?

एडिसनकर: नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत आमचं छोटं इंडियन ग्रोसरी आहे. परवा स्टेटमेंट घेऊन बसलो तर ४० डॉलरच्या बिलावर १ डॉलर १४ सेंट कापलेत, आणि गिऱ्हाईकाने चक्क डेबिट कार्ड दिलेलं. शेजारचा दुकानदार म्हणतो की तुझं डेबिट व्हिसाच्या रस्त्याने जातंय, ते पिन नेटवर्कवर वळव म्हणजे स्वस्त पडेल. हे वळवायचं कुठून? मशीनमध्ये काही सेटिंग असतं का? आमच्याकडे पिन कुणी टाकतच नाही, टॅप करतात नाहीतर चिप घालतात.

पुणेरी_चष्मा: डेबिटवर कमिशन?? रुपेला तर २०२० पासून एमडीआर शून्य आहे. बँकेत तक्रार टाका.

एडिसनकर: अहो दुकान अमेरिकेत आहे :)

नंदूकाका: सोप्पंय. मशीनला सांगायचं पिन मागच म्हणून. पिन टाकला की स्टार नाहीतर पल्सवरून जातं, नाही टाकला की व्हिसा. आमच्या गॅस स्टेशनवर मी तेच केलं.

स्विचवाला: काका, अर्धं बरोबर आहे. पिन टाकला की बहुतेक वेळा पिन नेटवर्कच, पण उलटं आता खरं नाही, ही नेटवर्कं पिनशिवायही व्यवहार घेतात. कार्डावर व्हिसाचा शिक्का असला तरी आत त्याच्याशी संबंध नसलेलं दुसरं एक नेटवर्क असावंच लागतं, स्टार, नाइस, पल्स वगैरे, आणि कुठलं वापरायचं हे ठरवायचा हक्क दुकानदाराचा. ड्युर्बिन दुरुस्ती नावाच्या अमेरिकी कायद्यातला नियम आहे हा, आणि जुलै २०२३ पासून ऑनलाइन पेमेंटलाही तो लागू असल्याचं स्पष्ट केलंय. फक्त दुकानदाराच्या वतीने निवड प्रोसेसर, म्हणजे तुमचे कार्डाचे व्यवहार हाताळणारी कंपनी करते, गोम तिथेच.

एडिसनकर, आधी एक सांगा, तुमचा प्लॅन २.६ टक्के अधिक १० सेंट असा सरसकट आहे का? कारण ४० वर तेच १.१४ येतात.

एडिसनकर: हो हो, अगदी तोच!

स्विचवाला: मग मशीन बदलून तुमच्या हाती एक सेंट येणार नाही. मोठ्या बँकेचं कार्ड असेल, म्हणजे १० अब्ज डॉलर किंवा त्याच्या वरची, तर त्या बँकेला जास्तीत जास्त २१ सेंट, बिलाचा ०.०५ टक्का आणि फसवणूक रोखण्याचा १ सेंट एवढंच घेता येतं. ४० वर झाले २४ सेंट. रस्ता कुठलाही असो, ही मर्यादा तीच. नेटवर्कची किरकोळ फी सोडली तर वरचे ९० सेंट प्रोसेसरकडे राहतात, आणि स्वस्त रस्ता निवडला तर ती बचतही त्याचीच. म्हणून आधी इंटरचेंज प्लस प्लॅन मागा, त्यात कार्डाच्या बँकेची खरी फी आणि प्रोसेसरचं कमिशन वेगवेगळं लागतं, मग राउटिंगचं बघू.

राउटिंगचा खरा फरक पडतो तो छोट्या बँका आणि क्रेडिट युनियनच्या कार्डांवर, कारण त्यांना ती मर्यादा नाही. तिथे प्रत्येक नेटवर्कचा दर वेगळा, आणि पिन नेटवर्क नेहमीच स्वस्त असंही नाही, ३ डॉलरच्या चहावर ठरावीक सेंटच जास्त टोचतात. प्रोसेसरला विचारा की व्यवहारागणिक स्वस्त रस्ता बघता का. काहींच्या मालकीचंच एखादं नेटवर्क असतं, तेव्हा डोळे उघडे ठेवून विचारा.

नंदूकाका: मग मी वर्षभर लोकांना पिन टाकायला लावतोय ते उगाच??

स्विचवाला: उगाच नाही, कार्ड चोरीचं निघालं तर पिनमुळे वाद कमी येतात.

मिसळ_इन_टेक्सास: आमचं रेस्टॉरंट आहे, प्रोसेसरने न विचारता सगळं डेबिट पिन नेटवर्कवर टाकलं आणि टिपची वाट लागली. बिल ३० चं, गिऱ्हाईक पावतीवर ६ लिहून जातं, ते नंतर वाढवताच येईना.

स्विचवाला: हो, तिथे बऱ्याचदा मंजुरी आणि वसुली एकाच संदेशात होते, मागाहून रक्कम वाढवायला जागाच राहत नाही. व्हिसाच्या नेहमीच्या रस्त्यावर आधी मंजुरी, अंतिम रक्कम नंतर. टिप आधी मशीनवरच घ्या, नाहीतर तेवढं व्हिसावर ठेवा.

एडिसनकर: प्लॅनसाठी उद्याच फोन करतो. पण सध्या कुठून जातंय हे कळतं कसं?

स्विचवाला: चिपच्या पावतीवर AID बघा, चिपमधलं कुठलं अ‍ॅप्लिकेशन वापरलं त्याचा क्रमांक असतो तो. व्हिसा डेबिटला `A0000000031010` असेल तर मशीनने रस्ता तिथेच बंद केला, ते व्हिसावरूनच जाणार. `A0000000980840` किंवा `US DEBIT` दिसलं तर पर्याय खुला होता एवढंच कळतं, त्यातूनही व्हिसावर जाऊ शकतं. नक्की काय झालं ते महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये, नेटवर्कच्या नावाने ओळ येते.

एडिसनकर: आत्ता पाच पावत्या काढल्या. चिपच्या तिन्हींवर 980840, फोनने टॅप केलेल्या दोन्हींवर 31010. म्हणजे टॅपचं सेटिंग वेगळं असतं का?

नंदूकाका: आमच्याकडेही टॅपला तेच येतंय, आत्ताच बघितलं.