मदत हवी आहे: सोलरच्या रीडिंगवर गिझर आणि पंप चालवायचाय, रिले सारखा चालू-बंद होतोय

गच्चीवाला

नमस्कार मंडळी, छतावर 3 किलोवॅटचं ग्रिडला जोडलेलं सोलर आहे, बॅटरी नाही. गिझर 50 लिटर 2 किलोवॅटचा आणि खालच्या टाकीतून वर पाणी चढवायला 1 एचपीचा पंप. दोन्ही दुपारी आपल्याच विजेवर चालवायचे आहेत कारण आमच्याकडे बाहेर गेलेल्या युनिटला मिळतं ते आत घेतलेल्या युनिटपेक्षा बरंच कमी.

आधी नियम असा लावला होता की इन्व्हर्टरची निर्मिती 2200 वॅटच्या वर गेली की गिझर चालू. पण घरात इस्त्री नाहीतर मशीन चालू असेल तर तेव्हाच बाहेरून वीज आत येते. म्हणून मग मेन लाइनवर क्लॅम्पवाला मीटर बसवला आणि नियम बदलला, 2000 च्या वर वीज बाहेर जात असेल तर गिझर चालू आणि खाली आली की बंद. आता तर अजूनच मजा, रिले टकटक टकटक करतोय, काही सेकंदांत चालू-बंद चालू-बंद.

आजचे आकडे देतो. 12:10 ला निर्मिती 2600, घर 350, म्हणजे 2250 बाहेर जातायत. गिझर लागला की बाहेर जाणारे 250 दिसतात आणि लगेच बंद. मीटरचं रीडिंग दर 10 सेकंदाला येतं. सगळं होम असिस्टंटवर आहे. काय करू?

पंपवाले_काका

अहो एवढा खटाटोप कशाला, 15 अँपियरचा साधा टायमर लावा, 11 ते 3, संपलं. थर्मोस्टॅट आहेच ना, पाणी तापलं की आपोआप बंद होणार. आमच्याकडे तेच आहे, कधी त्रास नाही. आणि पंपाचं म्हणाल तर तो असल्या सेन्सरवर चालवू नका, मोटर जळेल.

मीटरवेडी

काका टायमरबद्दल अर्धं बरोबर बोलतायत. आकाश स्वच्छ असेल आणि घरात बाकी लोड नसेल तर टायमर आणि मीटर यांत फारसा फरक पडत नाही. ढग आले किंवा कोणी इस्त्री लावली की फरक दिसतो, कारण टायमरला तेव्हाही 11 च वाजलेले असतात.

गच्चीवाला, तुमचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. बाहेर जाणारी वीज मोजताना गिझर स्वतःच त्यातली 2000 खाऊन टाकतो, म्हणजे ज्या अटीवर तो चालू झाला ती अट तो चालू होताच मोडतो. मग बंद, मग परत 2250, मग परत चालू. तुमचा रिले बिचारा सांगितलेलंच करतोय.

तेव्हा नियम बाहेर जाणाऱ्या विजेवर नको, *गिझर नसता तर किती शिल्लक असती* यावर हवा. मीटरचं रीडिंग आणि गिझर आत्ता खातोय ते, दोन्ही मिळवायचं. गिझर बंद असताना 2250 + 0, चालू असताना 250 + 2000, आकडा तोच राहतो. त्यासाठी गिझरचा स्वतःचा वॅट मोजणारा रिले हवा, तुमच्याकडे आहे का?

मीटर आत येणारी वीज अधिक आणि बाहेर जाणारी उणे दाखवतो असं धरून:

```yaml
template:
  - sensor:
      - name: solar_available
        unit_of_measurement: "W"
        state: >
          {{ states('sensor.geyser_power')|float(0)
             - states('sensor.grid_power')|float(0) }}
```

आता चालू करायचा आकडा आणि बंद करायचा आकडा वेगळे ठेवा. हा आकडा सलग 5 मिनिटं 2100 च्या वर राहिला तर चालू, सलग 6 मिनिटं 1500 च्या खाली राहिला तर बंद. ही वेळेची अट काढू नका, कारण दोन मीटर एकाच क्षणी रीडिंग देत नाहीत. गिझर बंद होताना एकाचं नवीन आणि दुसऱ्याचं जुनं रीडिंग एकत्र आलं की काही सेकंद 2000 चा खोटा उंचवटा दिसतो, तो त्या 5 मिनिटांत विरून जातो.

गच्चीवाला

अरे हो की! वॅट मोजणारा रिले आहे गिझरवर. पण सहा मिनिटं बंद न करणं जास्त नाही का, तेवढ्यात बाहेरून किती वीज येईल?

मीटरवेडी

मोजून बघा ना. समजा ढग आला आणि निर्मिती 2600 वरून 700 वर आली. घर 350 आणि गिझर 2000, म्हणजे बाहेरून 1650 वॅट येतायत. ढग 4 मिनिटं टिकला तर 1650 गुणिले 4 भागिले 60 म्हणजे 110 वॅट-तास, एका युनिटचा नववा भाग. तेवढ्यासाठी रिले आपटत बसण्यात अर्थ नाही. ढग मोठा असेल तर सहा मिनिटांनी तसाही बंद होईल. ढगांच्या कडेला तर निर्मिती क्षणभर नेहमीपेक्षा जास्तही दिसते, तिच्यामागे पळायचं नाही.

एक बघा, क्लॅम्प फक्त अँपियर मोजणारा आहे की व्होल्टेजची वायरही जोडलेली आहे? नुसत्या क्लॅम्पला वीज आत येतेय की बाहेर जातेय ते कळत नाही, 9 अँपियर दोन्ही बाजूंनी 9 च दिसतं. आणि क्लॅम्प उलटा बसला असेल तर सगळी चिन्हं उलटतात. रात्री सोलर शून्य असताना रीडिंग अधिक यायला हवं, नसेल तर क्लॅम्प फिरवा.

सूर्यभक्त७७

आमच्याकडे पण सोलर गिझर आहे नळ्यांचा, पावसाळ्यात पाणी तापतच नाही म्हणून आत कॉइल बसवलीय. टाकीला उष्णतारोधक जाड असेल तर सकाळपर्यंत पाणी गरम राहतं. तुम्ही नळ्या पुसता का? धूळ बसली तर फरक पडतो.

गच्चीवाला

सूर्यभक्त, माझ्या नळ्या नाहीत हो, विजेचे पॅनेल आहेत, गिझर साधा विजेचाच आहे :) पण तुमच्या बोलण्यातून माझाही प्रश्न निघालाच. दुपारी 1 ला तापवलेलं पाणी सकाळी 6 ला वापरायचं, म्हणजे 17 तास नुसतं पडून. टिकेल का?

मीटरवेडी

50 लिटर 25 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 2 युनिट लागतात, म्हणजे तुमचा गिझर जेमतेम तासभर चालेल. टिकण्याचं मात्र गिझरवर अवलंबून आहे, दुसऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका. एक दिवस दुपारी पूर्ण तापू द्या, कोणी पाणी वापरू नका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत चालू करून थर्मोस्टॅट तोडेपर्यंत किती युनिट गेले ते बघा. तेच तुमचं 24 तासांचं नुकसान. ते अर्ध्या युनिटच्या आसपास असेल तर दुपारचा खेळ बरा आहे, दीड वगैरे आलं तर एवढा सगळा खटाटोप टाकीच्या भिंतींतून निघून जातोय असं समजा.

आणि थर्मोस्टॅट 60 च्या खाली आणून वीज वाचवायला जाऊ नका. कोमट पाणी दिवसभर साठवून ठेवलं तर त्यात जंतू वाढतात.

तारजोड

मी अजून एक सुचवू का, गिझर रोधक लोड आहे, त्याला सॉलिड स्टेट रिले लावून जेवढी वीज शिल्लक तेवढीच द्या. 800 शिल्लक तर 800. चालू-बंदची भानगडच नाही.

मीटरवेडी

तत्त्वतः बरोबर, पण सॉलिड स्टेट रिलेत दर अँपियरला साधारण एक वॅट उष्णता निघते, मोठा हीटसिंक नसेल तर तो भाजतो, आणि भाजला की बहुतेक वेळा कायमचा चालूच राहून बसतो. गिझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट आणि सुरक्षा कटऑफ तर हवाच. डिजिटल डिस्प्लेवाल्या गिझरला तुकड्यातुकड्यात वीज देणं मला तरी पटत नाही. त्यापेक्षा सोपा उपाय, इलेक्ट्रिशियनकडून 1 किलोवॅटची कॉइल बसवून घ्या, त्या मॉडेलची मिळत असेल तर. तासाऐवजी दोन तास लागतील, पण 1100 शिल्लक असताना चालता येईल, आणि तेवढी शिल्लक दिवसात जास्त वेळ असते. 3 किलोवॅटच्या छताला 2 किलोवॅटचा गिझर जरा मोठाच पडतो.

पंपवाले_काका

आता पंपाचं मी सांगतो, ते माझं क्षेत्र. 1 एचपी म्हणजे शाफ्टला 746 वॅट, आत जाणारी वीज 1000 ते 1100 धरा. सुरू होताना काही क्षण पाच-सहा पट अँपियर ओढतो, म्हणून त्याला छोटा वाय-फाय रिले लावू नका, कॉन्टॅक्ट चिकटून बसतो. रिलेने कॉन्टॅक्टर ओढायचा आणि कॉन्टॅक्टरने पंप. वरच्या टाकीचा फ्लोट आणि खालच्या टाकीचा कोरडं चालू न देणारा संरक्षक वायरिंगमध्येच हवा, सॉफ्टवेअरमध्ये नको, वाय-फाय गेला तरी तो चालला पाहिजे.

एकदा चालू झाला की किमान 10 मिनिटं चालू दे, ढग येवो की काहीही येवो. बंद झाल्यावर लगेच परत नको, पाइपातलं पाणी मागे येत असताना मोटर लागली तर शाफ्टवर जोर येतो. टायमरचं माझं म्हणणं मागे घेत नाही हां, पण तुमच्या पद्धतीत पंप आधी आणि गिझर नंतर लावा. पंपाला 1200 शिल्लक पुरते, ती सकाळी 9-10 लाच मिळते, टाकी भरली की बंद, मग 12 ला गिझर.

गच्चीवाला

काका हे मस्त. आता पंप 1300 वर 5 मिनिटं, गिझर 2100 वर 5 मिनिटं असं ठेवलंय, शिल्लक काढताना ज्याचा नियम फक्त त्याचेच वॅट मिळवले. आज गिझर 11:50 ला लागला आणि टकटक बंद. 12:55 ला थर्मोस्टॅटने तोडलं पण रिले चालूच राहिला. म्हणून अजून एक नियम घातला, रिले चालू आणि वॅट 50 च्या खाली सलग 10 मिनिटं असेल तर आजचं काम झालं म्हणून बंद. एक राहिलंय, पूर्ण ढगाळ दिवशी सकाळी थंड पाण्याने कोण अंघोळ करणार?

मीटरवेडी

गिझरने दिवसभरात किती युनिट घेतले तो आकडा आहेच की. संध्याकाळी बघा, तो 1 च्या खाली असेल आणि 'काम झालं' ही खूणही लागली नसेल तर पहाटे 5 ला ग्रिडवर चालू. खूण आवश्यक आहे, कारण आदल्या दिवशी पाणी वापरलंच नसेल तरी युनिट कमी दिसतात.

आणि मेन मीटरचं रीडिंग 2 मिनिटं आलंच नाही तर रिले बंद हाही नियम घाला. वरच्या कोडमधला `float(0)` मीटर गायब झाला की शून्य धरतो, मग गिझर चालू असताना शिल्लक कायम 2000 दिसते आणि तो ग्रिडवर चालत राहतो.

होम असिस्टंटची एक खोडही लक्षात ठेवा. `numeric_state` चा ट्रिगर आकडा रेषा ओलांडतो तेव्हाच लागतो. 12 ला सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि शिल्लक आधीच 2400 असेल तर काहीच होत नाही असंही होऊ शकतं. दर 5 मिनिटांनी तपासणारा वेगळा ट्रिगर जोडा.

तारजोड

माझ्याकडे तीन फेज आहेत, इन्व्हर्टर एका फेजवर आणि गिझर दुसऱ्या. मग शिल्लक कशी मोजायची?

मीटरवेडी

ते तुमच्या बिलाच्या मीटरवर आहे. काही मीटर तिन्ही फेजची बेरीज करून मोजतात, मग बेरीजच बघा. काही प्रत्येक फेज वेगळी धरतात, मग गिझर इन्व्हर्टरच्याच फेजवर आणावा लागेल. मीटरवरचे आत-बाहेरचे दोन आकडे गिझर चालू असताना दोन्ही वाढतात का ते दुपारी उभं राहून बघा. दोन्ही वाढत असतील तर फेज वेगवेगळ्या धरल्या जातायत.

तारजोड

उद्या ऊन असेल तर बघतो.