मनीषनगरहून 40 मिनिटांत नागपूर स्टेशन, तेही संध्याकाळच्या जाममध्ये: रस्ता, मेट्रो की बाईक टॅक्सी?

धागा सुरू करणारा: मनीषनगरचा पोट्टा
ऑफिस 6:15 ला सुटते, त्याच्याआधी साहेब सोडत नाही. गाडी 6:55 ला नागपूर स्टेशनवरून. शुक्रवार संध्याकाळ, म्हणजे वर्धा रोड कसा असतो माहीतच आहे सगळ्यांना. एक पाठीवरची बॅग आहे बस. मेट्रोने जाऊ, ऑटो करू का बाईक टॅक्सी?

ऑरेंजलाइनवाला
मेट्रो, विचारून काय राहिला भाऊ. खाली गाड्या हलत नसतात आन वरून आपण आरामात. जाम लागो का पाऊस पडो, उज्ज्वलनगर ते सीताबर्डी 12-13 मिनिटं लागतात तर लागतात, त्यात बदल नाही. सीताबर्डीला गाडी बदल, दुसरंच स्टेशन रेल्वेचं. विषय संपला.

वर्धारोडकर काकू
काहून संपला? सीताबर्डी ते स्टेशनचं बोलतो, मनीषनगर ते उज्ज्वलनगर कोण बोलणार? ऑफिस कुठं आहे त्यावर सगळं आहे, रेल्वे लाईन ओलांडून जावं लागते तिकडे, चालत गेलास तर 12 मिनिटं तिथंच गेली.

टाइमटेबल
काकूंचं बरोबर आहे, पण हिशोब पूर्ण करू. सगळ्यात आधी 40 मिनिटं म्हणजे 40 नाहीत. 6:55 ला गाडी हलते, तोपर्यंत डब्यात असावं लागते, त्यामुळे स्टेशनच्या दारात 6:48 पर्यंत पोचणं हे खरं टार्गेट, म्हणजे हातात 33 मिनिटं.
आता चालत गेला तर उज्ज्वलनगरच्या प्लॅटफॉर्मवर जिना-चेकिंग धरून 6:30. नशीब चांगलं तर गाडी समोर उभी, सीताबर्डी 6:43, नशीब वाईट तर दहा मिनिटं वाट, सीताबर्डी 6:53, आणि तिथं अजून बदलायचं बाकी. म्हणजे चालत मेट्रो गाठणं हा पर्याय सोडूनच द्या.
6:15 ला बाहेर पडून ऑटोने उज्ज्वलनगर गाठलं तर प्लॅटफॉर्मवर 6:23. गाडी लगेच मिळाली तर सीताबर्डी 6:37, दुसऱ्या मजल्यावर जाऊन अॅक्वा लाईनची वाट बघा, ती आठ मिनिटांनी आली तरी कॉटन मार्केट सोडून रेल्वे स्टेशन 6:50 च्या आसपास. जमेल, पण धावत. पहिलीच गाडी दहा मिनिटांनी आली तर सीताबर्डी 6:47 होते आणि मग गेली तुमची गाडी.
म्हणजे जाम मेट्रोला काही करत नाही, दोन वेळा वाट बघणं करते.

ऑरेंजलाइनवाला
अरे पण मेट्रोला टाइमटेबल आहे ना, गुरुवारीच बघून ठेवायचं की 6:23 नंतरची गाडी उज्ज्वलनगरला कधी आहे. 6:25 ला असेल तर मेट्रो, 6:32 ला असेल तर नाही. एवढं सोपं. रस्त्याचं कोणी आदल्या दिवशी सांगू शकते का?

टाइमटेबल
हे मान्य. आणि हेच मेट्रोचं खरं बळ, वेग नाही. पण सीताबर्डीचा बदल बी बघून ठेवा, दोन लाईनचं मिळतंजुळतं असतेच असं नाही.

पल्सर 150
राजेहो, बाईक टॅक्सी. बॅग पाठीवर, माणूस एक, मी तर दुसरा विचारच करत नाही. ऑटो जिथं अडकतो तिथून बाईक कडेकडेने निघते.

ओमकारनगरचा जुना
कडेकडेने सगळ्याच बाईक निघतात बे, म्हणून रहाटे कॉलनी आन लोकमत चौकात बाईकचाच जाम असते. वर्धा रोडनं गेला तर डबल डेकर पुलावरून अजनी चौकापर्यंत झपकन येशील, अन् पूल उतरला की खरी फजिती चालू.
पण मनीषनगरवाल्यांनी वर्धा रोडवर जायचंच कशाला हा माझा प्रश्न. तुम्ही रेल्वे लाईनच्या पूर्वेला, स्टेशनचं संत्रा मार्केटकडचं दार बी पूर्वेला. शताब्दी चौक धरा, रामेश्वरी करत मेडिकल चौक, मग बैद्यनाथ चौक, एसटी स्टँडच्या अंगानं कॉटन मार्केट आन संत्रा मार्केट. लाईन एकदाही ओलांडायची नाही. मेडिकल चौकात आणि एसटी स्टँडजवळ गर्दी लागते, पण बर्डीसारखी थांबून राहत नाही. साधारण नऊ किलोमीटर धरा, 22 च्या स्पीडनं गेलं तरी 25 मिनिटं.
आन ड्रायव्हरला "स्टेशन" एवढंच सांगितलं की तो जयस्तंभाकडे, मेन दारात नेतो. "संत्रा मार्केट गेट" असं म्हणा, अॅपमध्ये पिन बी तिथंच टाका.

वर्धारोडकर काकू
हे कामाचं बोललात. पण गाडी एक नंबरवर लागली तर? पूर्व दारातून आठ नंबर जवळ, एक नंबर दुसऱ्या टोकाला, मग पुलावरून पळत जा.

ओमकारनगरचा जुना
खरं आहे, पुलावर चार-पाच मिनिटं जातात. प्लॅटफॉर्म आधी बघून घ्यावा.

पल्सर 150
म्हणजे मीच जिंकलो ना शेवटी 😄

वकील_नाही_पण
थोडं थांबा. महाराष्ट्रात 2025 च्या नियमांनी फक्त इलेक्ट्रिक बाईक टॅक्सीला परवानगी आहे, पांढऱ्या नंबर प्लेटच्या साध्या पेट्रोल बाईकवर पैसे घेऊन नेणं त्यात बसत नाही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारणार. मागे बसणाऱ्याला हेल्मेट लागतेच, ड्रायव्हरने दिलं नाही तर चालान कोणाचं ते तुम्हीच भांडा.

पल्सर 150
गाडी सुटून राहिली आन तुम्ही कलम वाचून राहिले.

वकील_नाही_पण
गाडी सुटली तर तिकिटाचे पैसे जातात, हाडं नाही जात.

टाइमटेबल
भांडण बाजूला ठेवा, बाईकचा खरा धोका जाम नाहीच, कॅन्सल होणं आहे. 6:15 ला बुक केलं, ड्रायव्हर चार मिनिटं दूर, मग फोन करून "कुठं जायचं भाऊ" विचारतो, नाही जमत म्हणून कॅन्सल, दुसरा शोधा. दहा मिनिटं हवेत. 6:20 ला निघालात तर 6:45, आरामात. 6:30 ला निघालात तर 6:55, गाडी गेली. म्हणून 6:08 लाच बुक करून ठेवा, तो येऊन दोन मिनिटं उभा राहिला तर वर पैसे द्या. आणि 6:20 पर्यंत कोणी आलंच नाही तर अॅप बंद करून रस्त्यावरचा ऑटो पकडा, तोच पूर्वेकडचा रस्ता सांगा. तिसऱ्या ड्रायव्हरची वाट बघू नका.

पुण्याला जाणारी
मी पण शुक्रवारीच जाते पुण्याला, मला तर अजनीहून गाडी असते, अजनीला मेट्रो स्टेशन आहेच की. सगळे स्टेशनचं का बोलून राहिले?

ऑरेंजलाइनवाला
ताई, तुमची गाडी वेगळी. पण धागावाल्या भाऊ, तिकिटावर काय लिहिलंय ते बघ एकदा, नागपूर की अजनी. लोक नागपूर समजून स्टेशनला पोचतात आन गाडी अजनीहून सुटलेली असते.

मनीषनगरचा पोट्टा
तिकिटावर नागपूरच आहे, बघितलं. पाऊस पडला तर काय पण?

ओमकारनगरचा जुना
पाऊस जोरात असेल तर बाईक नाहीच, ड्रायव्हर बी येत नाही. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी भरलं की तिकडची सगळी गर्दी आपल्याच रस्त्यावर येते, मग माझा रस्ता बी विसर. तेव्हा ऑटोने उज्ज्वलनगर, मेट्रो, आन साहेबाला 6:00 ला सोड म्हण.

मनीषनगरचा पोट्टा
साहेब वाचत असतील का इथं?

वर्धारोडकर काकू
वाचत असतील तर बरंच आहे.