अहवालात ‘क्रिटिकल’ लिहिलंय : शाबासकी की ठपका? तुमचे अनुभव सांगा

आमचा औषधी गोळ्यांचा कारखाना. ग्राहक कंपनीचं ऑडिट झालं आणि अहवालात ओळ आली, ‘ड्राइंग हा क्रिटिकल टप्पा आहे.’ ड्राइंग म्हणजे ओले दाणे सुकवणं. प्रॉडक्शनचे दादा आणि क्यूएच्या मॅडम यांची माझ्यासमोरच जुंपली.

“बघा, आला ठपका आमच्या विभागावर!”

“ठपका नाही हो, दादा.”

“मग काय कौतुक केलंय?”

“तेही नाही. दाणे ओले राहिले की गोळी दाबणाऱ्या पंचला चिकटतात, फार सुकले की गोळीची टोपी उडते. इथलं बिघडलं तर पुढे सावरता येत नाही, म्हणून क्रिटिकल.”

“मागे क्रिटिकल आलं तेव्हा बॅच अडकली होती, विसरलात?”

“तेव्हा निरीक्षण क्रिटिकल होतं. रुग्णाला अपाय होऊ शकेल अशी त्रुटी होती ती. तिच्यापुढे निरीक्षणाचा क्रमांक होता, दुरुस्तीच्या कारवाईची तारीख होती. इथे आहे का?”

दादांनी पान उलटून पाहिलं. तारीख नव्हती, ओलीची मर्यादा होती, १.५ ते २.५ टक्के. तरी ते अडून बसले : “दोष नाही, तर मग ऑडिटच्या अहवालात ही ओळ हवीच कशाला?” यावर मॅडमकडेही उत्तर नव्हतं. ऑडिटरला विचारायचं ठरलंय. मला मॅडमचं पटतं, पण दादांची शंकाही रास्त वाटते. तुमच्याकडे काय अनुभव?

साइटवाला : आमच्याकडे सरळ हिशेब. क्रिटिकल पाथवरचं काम म्हणजे ज्याला फ्लोट, म्हणजे लांबवायची सवड, शून्य. स्लॅब दोन दिवस लांबला की ताबा दोन दिवस लांबला. प्लास्टरवाल्याला आठवडाभर फ्लोट असतो, म्हणून तो काही जास्त हुशार ठरत नाही. क्रिटिकल म्हणजे महत्त्वाचं, ठपका कधीच नसतो.

लॅबवाली : ‘कधीच’ नका म्हणू, दादा. वर मॅडमनी सांगितलेली त्रुटी ठपकाच आहे. आमच्या लॅबमध्ये मात्र तो ना ठपका ना शाबासकी. पोटॅशियम ६.८ आलं की आधी नमुना बघायचा, कारण रक्तपेशी फुटल्या असतील तर आकडा खोटाच चढतो. नमुना ठीक असेल तर लगेच वॉर्डला फोन. पलीकडच्याने आकडा परत म्हणून दाखवला की वेळ लिहून ठेवायची. आमच्याकडे क्रिटिकल म्हणजे ‘आत्ता फोन कर’.

बदलीच्या प्रतीक्षेत : माझ्या वार्षिक मूल्यांकनात ‘क्रिटिकल रिसोर्स’ लिहिलंय. साहेब म्हणाले, अभिनंदन. पुढच्याच महिन्यात गावाकडच्या बदलीचा अर्ज परत आला, कारण माझं काम दुसऱ्या कोणाला येत नाही. आई तिकडे एकटी आहे. हे कशात धरायचं?

लॅबवाली : ताई, तुमच्या हाताखाली कोणाला तयार करायला दिलंय का? तसं लेखी मागा. टप्पा क्रिटिकल ठरला की त्याला नियंत्रण लावतात. माणूस ठरला तर पर्यायी माणूस उभा करायला हवा. तो साहेबांनी केलाय का?

बदलीच्या प्रतीक्षेत : नाही. उद्या अर्ज देते.