अनुभव धागा : किराणा दुकानात नवीन बिलिंग अ‍ॅप लावताना

धागाकर्ता
वहीवरून अ‍ॅपवर जाताना कोणत्या क्रमाने काय भरायचं आणि नवखा माणूस नेमका कुठे चुकतो, ते जाणकारांनी इथे लिहावं. अ‍ॅप कोणतंही असो.

हिशेबनीस
पहिलं बिल फाडण्याआधी तीन गोष्टी करा: दुकानाची माहिती, मालाची यादी, उधारीची बाकी. मालाची यादी एकदम हजार वस्तूंची करू नका. रोज हलणाऱ्या शंभरेक वस्तू आधी भरा, बाकीच्या बिल करताना भरत जा.

वस्तू भरताना सर्वात महाग पडणारी चूक एककाची असते. साखरेचं उदाहरण घ्या. पोतं ५० किलोचं, खरेदी २,१०० रुपयांना, विक्री सुटी ४५ रुपये किलो. नवखा माणूस एकक 'पोतं' ठेवतो, एक पोतं शिल्लक असतं आणि गिऱ्हाईकाला २ किलो देताना नुसतं २ टाकतो. अ‍ॅप दोन पोती वजा करतं, शिल्लक उणे एक दिसते. दुसरा माणूस एकक 'किलो' ठेवतो, पण खरेदी दरात २,१०० टाकतो. मग प्रत्येक किलोमागे २,०५५ रुपयांचा तोटा दिसतो. म्हणून किलो आणि पोतं ही दोन्ही एककं जोडून घ्या, १ पोतं = ५० किलो. मग एक पोतं खरेदी टाकून पाहा: शिल्लक ५० आली पाहिजे, खरेदी दर किलोला ४२ पडला पाहिजे. २ किलोचं बिल करा, शिल्लक ४८. एवढं जुळलं तरच पुढची वस्तू भरा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये व्यवहार झाल्यावर एकक बदलता येत नाही, नवीन वस्तूच तयार करावी लागते.

काउंटरवाला
यात कराची खूण विसरू नका. विक्री किमतीशेजारी 'करासहित' की 'कर वेगळा' असा पर्याय असतो. छापील किमतीत कर आलेलाच असतो. १०५ रुपये छापील असलेल्या केसांच्या तेलावर ५ टक्के कर. 'करासहित' ठेवलं तर मूळ १०० आणि कर ५. 'कर वेगळा' राहिला तर बिल ११०.२५ होतं, म्हणजे छापील किमतीपेक्षा जास्त, आणि तो गुन्हा आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांचं तेल, अंघोळीचा साबण, बिस्किटं यांचे जीएसटीचे दर १८ वरून ५ वर आलेत. जुनी तयार यादी आयात केली असेल तर दर एकेक करून तपासा.

गल्लीतलं_दुकान
जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारांना हा घोळच नाही. सगळीकडे कर शून्य टाका, झालं.

हिशेबनीस
अर्धं बरोबर. गिऱ्हाईकाकडून कर घ्यायचा नाही हे खरं, पण बिलाचं शीर्षक 'टॅक्स इनव्हॉइस' राहिलं तर चूकच. सेटिंगमध्ये कंपोझिशन निवडा, म्हणजे 'बिल ऑफ सप्लाय' छापलं जातं. आपण कंपोझिशनमध्ये आहोत, कर आकारू शकत नाही, ही ओळही बिलाच्या माथ्यावर लागते.

औषधवाले
माझ्याकडे मेडिकल आहे. प्रिंटरवर मराठी नाव टाकलं की प्रश्नचिन्हं येतात. कोणता प्रिंटर घ्यावा?

काउंटरवाला
धाग्याचा विषय वेगळा, पण प्रिंटर बदलायची गरज बहुधा नाही. बिलाच्या थर्मल प्रिंटरच्या आतल्या फाँटमध्ये सहसा देवनागरी नसते. अ‍ॅपच्या प्रिंट सेटिंगमध्ये 'ग्राफिक' किंवा 'इमेज' निवडा, छपाई जरा सावकाश होईल. कागद कोरा निघाला तर रोल उलटा बसलाय: नखाने ओरखडा ओढा, ज्या बाजूला काळी रेघ उठते ती छपाईची.

उधारीची_वही
उधारीबद्दल. जुनी बाकी 'प्रारंभिक शिल्लक' म्हणूनच टाका. तिचं विक्री बिल केलंत तर त्या दिवसाची विक्री फुगते, मालही दुसऱ्यांदा वजा होतो. दुसरं म्हणजे 'येणे' आणि 'देणे' यांची अदलाबदल. गिऱ्हाईकाकडून १,८५० येणे आहेत आणि तुम्ही 'देणे' टाकलंत, तर त्याने ५०० दिल्यावर अ‍ॅप २,३५० देणे दाखवतं. जमा झाल्यावर बाकी कमी व्हायच्या जागी वाढली की समजा खूण उलटी आहे. पैसे आले की 'जमा' नोंद करा, जुनी बाकी खोडून नवी लिहू नका, नाहीतर कधी किती दिले हे दोघांनाही सांगता येणार नाही.

वही लगेच बंद करू नका. महिनाभर दोन्हीकडे लिहा.

काउंटरवाला
महिनाभर दोन्हीकडे म्हणजे गर्दीच्या वेळी दोन्ही अर्धवट. मी तरी आठवडाच म्हणेन, पण रोज रात्री गल्ला आणि अ‍ॅपमधली रोख विक्री जुळवून.

उधारीची_वही
रोखीचं ठीक, पण उधारीचं गिऱ्हाईक महिन्याच्या पगारालाच येतं. त्याची बाकी आठवड्यात कशी तपासणार?

गल्लीतलं_दुकान
शीर्षक बदललं आता. पण आधीची टॅक्स इनव्हॉइस लिहिलेली बिलं गेलीत गिऱ्हाईकांकडे, त्यांचं काय करायचं?

हिशेबनीस
ती अ‍ॅपमधून डिलीट करू नका, बिल क्रमांकात खंड पडतो. यादी काढून आपल्या कर सल्लागाराला दाखवा.