प्रति: नेमबाजीसाठी वेगळा चष्मा हवाच का?

> "माझा नंबरचा चष्मा प्लास्टिक काचांचाच आहे, फुटणार नाही. मग वेगळा कशाला?"

मीही म्हापशाला घरामागे एअर पिस्तूलचा सराव करताना हेच म्हणायचो. मग एकदा छर्रा जुन्या लोखंडी पत्र्यावरून उलटा आला नि डाव्या काचेच्या कडेला लागला. काच तडकली नाही, फ्रेममधून निसटून थेट गालावर आली. रोजच्या फ्रेमची खाच उथळ असते, काच आत ढकलली गेली की अडवायला काही नसतं.

अमेरिकेत साध्या चष्म्याच्या काचेवर १६ ग्रॅमची पोलादी गोळी सव्वा मीटरवरून नुसती सोडतात. तिथल्या सुरक्षा चष्म्यांवरच्या 'झेड ८७ प्लस' शिक्क्यासाठी मात्र ६.३५ मिमीची गोळी सेकंदाला सुमारे ४६ मीटर वेगाने मारतात. गोळी जेमतेम एक ग्रॅमची, पण ऊर्जा पाचपट. शिवाय हा मारा फ्रेमसकट, बाजूनेही होतो. म्हणून 'प्लस'चा शिक्का काच आणि फ्रेम दोन्हींवर शोधा. नुसतं 'पॉलिकार्बोनेट' ऐकून घेऊ नका, पातळ घासलेली काच त्या परीक्षेत बसेलच असं नाही.

तरी मर्यादा आहेच. १० मीटर एअर पिस्तूलचा छर्रा नळीतून सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास सुटतो. चष्मा उसळून आलेल्या तुकड्यांसाठी, थेट नेमासाठी नव्हे.

आणि हो, स्पर्धेतली ती एका भिंगाची, झडपवाली फ्रेम नेम धरायला असते. बाजूने डोळा उघडाच!