मूलांक ८ आणि १, भाग्यांक कधी २ तर कधी ११ : स्थळ सोडायचं का?

कृष्णाकाठ (सांगली)
धाकट्या बहिणीला मिरजेचं स्थळ आलंय. तिची जन्मतारीख ८ मार्च १९९८, मुलाची १९ नोव्हेंबर १९९५. बघण्याचा कार्यक्रम झाला, त्यानंतर दोघं दोनदा बाहेर भेटून बोलले, दोन्हीकडून पसंती आहे. आता मुलाकडच्यांच्या ओळखीचे अंकशास्त्रवाले म्हणतात की मूलांक, म्हणजे जन्मदिवसाचे अंक, ८ आणि १, त्यांचं पटत नाही, पूर्ण तारखेचे भाग्यांकही २ आणि ९, तेही विरोधात. मोबाईलवरच्या ॲपने मात्र बहिणीचा भाग्यांक ११ दाखवला. नक्की कोणता अंक धरायचा? घरात दोन आठवडे हाच विषय चाललाय.

अंकसाधक
त्यांनी सांगितलंय ते चुकीचं नाही. ८ शनीचा, १ सूर्याचा. बाप-लेक असूनही दोघांचं वैर. मूलांकावरून स्वभाव कळतो, भाग्यांकावरून आयुष्याची वाट. मुलगी ८ ची म्हणजे सोसणारी, मनात ठेवणारी, उशिरा फळ मिळणारी. मुलगा १ चा म्हणजे माझंच खरं म्हणणारा. असं जोडपं बाहेरून छान दिसतं, घरात धुसफूस चालते. मी नऊ वर्षं तारखा बघतोय, अंदाजाने बोलत नाही. ११ हा मात्र मास्टर अंक आहे, तो आला असेल तर २ करू नका. तेवढा मुद्दा तुमच्या बाजूने जातो.

सुलभा (वाई)
मी चौदा वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालवलं. अंक जुळवून मागणारी घरं वाढली म्हणून हे शिकून घेतलं. ॲपने ११ आणि त्या गृहस्थांनी २ काढला, यात दोघांपैकी कुणाचंही गणित चुकलेलं नाही. तारीख तीच आहे, बेरजेच्या रीती दोन आहेत.

कागदावर मांडून बघा. सगळे आकडे सरळ मिळवले तर ८ + ३ + १ + ९ + ९ + ८ = ३८, आणि ३ + ८ = ११. इथे थांबायचं, कारण ११ मास्टर अंक मानतात. दुसऱ्या रीतीत दिवस, महिना आणि वर्ष आधी वेगवेगळे एकेरी करून घ्यायचे. दिवस ८, महिना ३, वर्ष १९९८ म्हणजे २७, म्हणजे ९. आता ८ + ३ + ९ = २०, म्हणजे २. वाटेत ११ येतच नाही. मुलाच्या तारखेला दोन्ही रीतींनी ९ च येतो, म्हणून त्याच्याबद्दल वाद झाला नाही.

एकेरी अंकापर्यंत गेलात तर दोन्ही रीती नेहमी एकाच अंकावर येणार, कारण शेवटी ती नवाने भागल्यावर उरणारी बाकी असते. शून्य उरलं तर ९ म्हणायचं. फरक पडतो तो मधे ११ किंवा २२ लागले तरच. आणि नेमकं तिथेच लोक "ही मुलगी वेगळी आहे" असं ठरवून मोकळे होतात.

आता पुढची पायरी, तक्ता. पाश्चात्त्य पद्धतीत १-५-७, २-४-८, ३-६-९ असे तीन गट करतात. त्यात २ आणि ९ वेगळ्या गटांत, म्हणजे जमत नाही. आपल्याकडे अंकांना ग्रह लावतात, २ चंद्र आणि ९ मंगळ. ज्योतिषातल्या ग्रहमैत्रीत मंगळाला चंद्र मित्र आहे आणि चंद्राला मंगळ सम. म्हणजे जमतं. हीच दोन माणसं, हेच दोन अंक. माझ्या टेबलाच्या खणात असे तीन तक्ते होते आणि तिन्ही एकमेकांशी भांडत होते. एका घराला मी एका तक्त्यावरून नकार कळवला, ते मला आजही सलतं.

गौरीनंदन
अंक राहू द्या हो. गुण किती जुळतात ते सांगा. नाडी एक आहे का? १८ च्या वर गुण असतील आणि नाडीदोष नसेल तर डोळे झाकून पुढे जा. जन्मवेळ आणि गाव टाका, मी बघून सांगतो.

कृष्णाकाठ (सांगली)
काका, पत्रिका त्यांनी मागितलीच नाही आणि आम्हीही बघत नाही. प्रश्न फक्त अंकांचाच आहे. सुलभाताई, तुमची बेरीज वहीत करून घरी दाखवली. आई गप्प बसली, पण पटलं असं म्हणाली नाही.

अंकसाधक
ताई, तक्ते निरनिराळे असतात हे मान्य. डॉक्टरांचीही मतं वेगळी पडतात, म्हणून कुणी वैद्यक खोटं म्हणत नाही. रीत एक धरावी आणि तीच सगळ्यांना लावावी. हे शास्त्र पायथागोरसपासून चालत आलंय, अडीच हजार वर्षं टिकलं ते उगाच नाही.

सुलभा (वाई)
रीत एक धरावी हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. केंद्रात मीही तेच करायला हवं होतं. पायथागोरसचं मात्र पटत नाही. तो इ.स.पूर्व सहाव्या शतकातला. आपण जे १९९८ लिहितो ते इसवी सन मोजायची कल्पनाच ५२५ साली एका ख्रिस्ती मठवासीयाने मांडली, आणि आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ चं. जन्मतारखेतून भाग्यांक काढायची आताची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बॅलिएट नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी रूढ केली. आकड्यांना अर्थ असतो हा विचार जुना आहे. ही बेरीज जुनी नाही.

आणि कॅलेंडर बदललं तर? आपल्या सरकारचं राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून लागू आहे, राजपत्रावर त्यातली तारीख छापतात. त्यात या मुलीचा जन्म १७ फाल्गुन १९१९ ला. फाल्गुन बारावा महिना. १ + ७ + १ + २ + १ + ९ + १ + ९ = ३१, म्हणजे ४. आता ती राहूची झाली. पोर तीच, पाळणा तोच.

अंकसाधक
तुम्ही मांडलंत ते मी लगेच करून पाहिलं. मुलाची तारीख २८ कार्तिक १९१७ येते. त्याचा भाग्यांक परत ९ च! आणि मूलांक पाहा. मुलीचा १७ म्हणजे ८, मुलाचा २८ म्हणजे १. कॅलेंडर बदललं तरी शनी-सूर्य हलले नाहीत. याला काय म्हणाल? प्रसिद्ध हस्तरेषातज्ज्ञ कीरोनेही जन्माच्या दिवसालाच मुख्य मानलं होतं, ते यासाठीच.

हिशेबनीस (कराड)
हे वाचून मीही जरा थबकलो, मग दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवली. लीप वर्ष नसेल तर १ मार्चला १० फाल्गुन असतो आणि १ नोव्हेंबरला १० कार्तिक. म्हणजे दोन्ही ठिकाणी फरक बरोबर ९ दिवसांचा. नऊ मिळवले की एकेरी अंक बदलत नाही, शाळेत नऊ टाकून गुणाकार तपासायचो तसंच. आता हाच मुलगा चार दिवस उशिरा, २३ नोव्हेंबरला जन्मला असता तर? २२ नोव्हेंबरला अग्रहायण सुरू होतो, म्हणजे त्याची तारीख २ अग्रहायण. इंग्रजी मूलांक ५, राष्ट्रीय पंचांगाचा २. साधकसाहेब, तुम्ही पडताळून पाहिलंत हे मला फार आवडलं, पण एकाच जोडीवर थांबू नका. बारा महिन्यांच्या बारा तारखा घेऊन बघा.

अंकसाधक
बघतो. पण माझा अनुभव मी नाकारणार नाही. ८-१ ची किती जोडपी माझ्याकडे रडत आलीत.

हिशेबनीस (कराड)
रडत येणारेच तुमच्याकडे येतात ना. ८-१ ची जी जोडपी सुखात आहेत ती तुमची पायरी कशाला चढतील? तुमच्या वहीत सुखी ८-१ किती आणि दुःखी ३-६ किती, हे दोन्ही मोजल्याशिवाय काय कळणार? मूलांक ८ म्हणजे ८, १७ आणि २६ तारखेचे सगळे. मूलांक १ म्हणजे १, १०, १९ आणि २८ चे. आपल्या दोन जिल्ह्यांत अशी जोडपी गल्लोगल्ली सापडतील.

माणदेशी
आमच्या घरचं सांगतो. वडिलांची तारीख १ जून, चुलत्याची १ जून, मामाची बी १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, आजी म्हणाली बेंदराच्या आदल्या दिवशी झाला, साल काय ठावं न्हाई. गुरुजींनी दाखल्यावर १ जून लिवून टाकलं. आमच्या म्हसवडच्या बाजूला असली मानसं घरटी एक निघंल. गेल्या वर्षी एकानं वडिलांचा मूलांक १ काढला आणि म्हणाला, तुमचा स्वभाव पुढारपणाचा. वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या मळ्यावर राबले, कधी कुणाला वर मान करून बोलले न्हाईत. आता त्यांचा अंक कुठला धरायचा, दाखल्याचा का बेंदराचा?

मुलाची आई (इस्लामपूर)
तुम्ही सगळे हुशारीने बोलताय, पण आईच्या जागेवरून बघा. मुलीच्या घरची माणसं दोन-तीन भेटींत किती कळणार? कुणीतरी "काळजी करू नका" म्हणावं एवढ्यासाठी माझ्या मुलाच्या वेळी मी अंक दाखवले होते. जुळले, लग्न झालं, सून चांगली आहे. नसते जुळले तर मी स्थळ सोडलं असतं का, ते मला आजही सांगता येत नाही.

सुलभा (वाई)
वहिनी, मनापासून लिहिलंत. आईची ही भीती खरी असते. ती पोटातली गोष्ट ओठावर येत नाही म्हणून अंक पुढे केला जातो. केंद्रात असताना मी हे पुष्कळदा पाहिलं. "अंक जुळत नाहीत" असं कळवलेल्या घरात नंतर चौकशी केली की निघायचं, मुलीची नोकरी पुण्यात आहे, किंवा मुलाला स्वतंत्र खोली नाही, किंवा देण्याघेण्यावरून काहीतरी राहिलंय. पूर्वी हेच पत्रिकेवर ढकलायचे.

म्हणून कृष्णाकाठ, एक विचारते. त्यांनी साफ नकार दिलाय की उपाय सांगितलाय? उपाय सांगितला असेल तर त्यांना मुलगी हवी आहे. नकार असेल तर अंकांवर वाद घालू नका, मोठ्या माणसाने फोन करून सरळ विचारावं की अडचण काय आहे.

कृष्णाकाठ (सांगली)
उपाय सांगितलाय. लग्नात तांदळात नाव लिहायचं तेव्हा बहिणीचं नाव बदलायचं, आणि नवं नाव त्यांनीच अंक बघून काढून ठेवलंय. मघाशी तिला हे सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "माझं नाव आज्जीनं ठेवलंय."

अंकसाधक
नाव बदलायची गरज नाही. मी असतो तर ८ आणि १ साठी लग्नाची तारीख जपून निवडायला सांगितलं असतं, नावाला हात लावला नसता. मुलीच्या मनाविरुद्ध केलेला उपाय लागू पडत नाही, हे मी नेहमी सांगतो.

हिशेबनीस (कराड)
इथे तुमचं-माझं पटलं, निम्मं तरी.

कृष्णाकाठ (सांगली)
रविवारी ती स्वतः मुलाशी बोलणार आहे, गणपतीच्या देवळापाशी भेटायचं ठरलंय. नाव तेच राहील हे ती आधी सांगणार, आणि मग त्याला विचारणार की अंकांचं त्याला स्वतःला काय वाटतं. आत्तापर्यंत हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. आईने सुलभाताईंची बेरीज लिहिलेलं वहीचं पान फाडून पर्समध्ये ठेवलंय. मिरजेला न्यायला की काय, ते ती सांगत नाही.