मुलाखतीच्या आदल्या रात्री मित्रमैत्रिणींना काय लिहिता? तुमचे अनुभव सांगा

पानगळ

जवळच्या कुणाची दुसऱ्या दिवशी नोकरीची मुलाखत असते. आपला त्या व्यक्तीवर पूर्ण विश्वास असतो आणि तो तिच्यापर्यंत पोचावा असंही वाटतं, पण त्याचं ओझं होता कामा नये. अशा वेळी तुम्ही नेमकं काय लिहिलंत आणि समोरून काय कळलं, ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

माझी मैत्रीण हिशेबाच्या कामात आहे. आधी दोन ठिकाणी शेवटच्या फेरीत तिला नकार मिळाला होता, त्यामुळे तिसऱ्या मुलाखतीआधी ती जरा गप्पच होती. रात्री नऊच्या सुमारास मी तिला हे लिहिलं:

"उद्या साडेअकराला ना? वर्षअखेरीला ताळा जुळत नव्हता, सगळे वैतागले होते, तेव्हा एकच बिल दोनदा चढलंय हे तू शोधलंस. आणि कुणाच्या हातून झालं याचा गाजावाजा न करता दुरुस्त केलंस. मी तुला तशीच ओळखते. उत्तर पाठवत बसू नकोस. रविवारी नेहमीसारखं फिरायला जाऊच."

यात "तुला मिळणारच" हे वाक्य मुद्दाम नाही. निकाल माझ्या हातात नाही, तिच्याही पूर्ण हातात नाही. दुसरा कुणी जास्त अनुभवी उमेदवार येऊ शकतो, जागाच रद्द होऊ शकते. मी "मिळणारच" म्हटलं आणि नाही मिळालं, तर तिला स्वतःच्या निराशेबरोबर माझीही निराशा सांभाळावी लागेल. बिलाची गोष्ट मात्र घडून गेलेली आहे, उद्याच्या निकालाने ती खोटी ठरत नाही. "एखादी अडचण कशी सोडवलीत?" असं मुलाखतीत हमखास विचारतात. तिलाही विचारलं आणि तिने हीच गोष्ट सांगितली. नंतर म्हणाली, "मी ती विसरूनच गेले होते गं."

"त्यांनी तुला घेतलं नाही तर नुकसान त्यांचंच" हेही वाक्य सुचलं होतं, पण लिहिलं नाही. ऐकायला ते प्रेमळ वाटतं, पण झोपायच्या वेळी नकाराचा विचार आपणच तिच्या डोक्यात सोडून देतो. रविवारचं मात्र आवर्जून लिहिलं. निकाल काहीही लागो, आपलं ठरलेलं तसंच राहणार, हे त्यातून न बोलता पोचतं.

साकव

मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो. 1990 मध्ये बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. कौशल्याच्या कामाआधी स्तुती केली तर कामगिरी घसरते, असं त्यात दिसलं. निव्वळ मेहनतीच्या कामात तसं झालं नाही. स्तुती ऐकली की माणूस स्वतःकडे पाहायला लागतो आणि सहज जमणारी गोष्ट अडखळते, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. अर्थात तिथे स्तुती आणि काम यांत फारसा वेळ नव्हता. आदल्या रात्रीच्या मेसेजला ते जसंच्या तसं लावू नये.

माझा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे. "टेन्शन घेऊ नकोस, शांत राहा" असं लिहू नका. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या 2014 च्या प्रयोगांत लोकांना गाणं, भाषण, गणित अशी कामं दिली होती. "मी शांत आहे" असं स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा "मी एक्सायटेड आहे" म्हणणाऱ्यांना ती जास्त चांगली जमली. कारण समजायला सोपं आहे. धडधडणारं मन हुकूम केला म्हणून शांत होत नाही, पण त्याच धडधडीला उत्सुकता म्हणता येतं. मी मित्राला लिहितो, "धडधडेल, धडधडू दे. या कामाबद्दल बोलायला लागलास की तुला थांबवावं लागतं, हे मी पाहिलंय."

उंबरठा

माझ्या मते रात्री काही लिहूच नये. सकाळी निघताना "ऑल द बेस्ट" म्हणावं, विषय संपला. रात्रीच्या मेसेजने झोप उडते.

पानगळ

उशिराच्या मेसेजबद्दल अगदी मान्य. अकरानंतर फोन वाजला की माणूस परत नोट्स उघडतो. पण सकाळी तिला कागदपत्रं, पत्ता, वेळ सगळं बघायचं असतं, तेव्हा मेसेज नुसता वाचून पुढे जातो. आणि तारीख माहीत असलेली जवळची व्यक्ती रात्री काहीच बोलली नाही, तर तेही जाणवतं.

रिमझिम२

माझी परवा मुलाखत आहे. पगाराचा विषय आपण काढावा की त्यांनी काढेपर्यंत थांबावं? आणि नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे हे आधीच सांगू का?

साकव

रिमझिम, हा धागा शुभेच्छांचा आहे, पण परवाच आहे म्हणून सांगतो. नोटीस पिरियड विचारला की खरा तोच सांगा. पगारावर सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, तिथे मी लिहीन. मनापासून शुभेच्छा, आणि निकाल इथे येऊन सांगायलाच हवा असं काही नाही.

मधली सुट्टी

मी मेसेज घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. गेल्या मुलाखतीआधी मित्रांच्या ग्रुपवर धडाधड मेसेज आले. "फोडून टाक", "पार्टी पक्की", "झाल्या झाल्या फोन कर". सगळे माझ्यावर जीव टाकणारे. पण पडल्या पडल्या मी हाच हिशेब करत होतो, की नाही जमलं तर किती जणांना सांगावं लागेल. एकाने वेगळा मेसेज केला होता: "मी निकाल विचारणार नाही. तुला वाटेल तेव्हा सांग, नाही सांगितलंस तरी चालेल." त्या रात्री तो मेसेज मी परत परत वाचला. आणि त्याने खरंच विचारलं नाही. पाच दिवसांनी मीच फोन केला.

ताम्हण

माझा अनुभव उलटा आहे. माझ्या मित्राला "तूच मारणार बाजी" हेच ऐकायचं असतं. मी मोजूनमापून लिहिलं तर तो विचारतो, "का रे, तुला खात्री नाही का?"

साकव

तो स्वतः तसं बोलतो का? बोलत असेल तर तुम्ही त्याच्याच विश्वासाला साथ देताय, बिनधास्त म्हणा. अडचण येते ती समोरच्याला खात्री नसताना आपण ती त्याच्यावर लादतो तेव्हा.

ताम्हण

बोलतो खरा. पण नकार आला की आठवडाभर फोन उचलत नाही. त्यामुळे साथ देणं बरोबर होतं की नाही, हे अजून मला कळलेलं नाही.

काजळमाया

माझा प्रश्न जरा अवघड आहे. मैत्रीण आणि मी एकाच जागेसाठी मुलाखत देतोय. तिची उद्या, माझी परवा. जागा एकच. "तुला मिळो" असं लिहिलं तर ते खरं नाही, आणि काहीच न लिहिणं मला जमणार नाही. तिचं चांगलं व्हावं असं मनापासून वाटतं.

मधली सुट्टी

मग निकालाचं नावच काढू नका. "उद्या तुझं बोलणं मनासारखं होवो" एवढं लिहा. ते तर तुम्हाला खरंच वाटतंय ना?

पानगळ

मीही तेच लिहिलं असतं. फक्त एक जोडते. तिला कोणते प्रश्न आले ते तुमची मुलाखत होईपर्यंत विचारणार नाही, हे तिला आजच सांगून टाका. नाहीतर उद्या मुलाखत झाल्यावर तुमचा फोन आला, तर उचलावा की नाही या विचारात ती पडेल.

काजळमाया

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच लिहिते. अजून नऊ वाजायचेत.